माईंचं ‘येस’: एका इंग्रजी कथेतल्या संवादांची तपासणी

कथा इंग्रजीत लिहिलेली, घडते सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात. देवघरातली चांदीची समई रात्रीत नाहीशी होते. वाड्याच्या मालकीण माई, वय पंच्याहत्तरच्या आसपास. वरच्या खोलीत निवृत्त पोस्टमास्तर भाड्याने राहतात, त्यांना सगळे मास्तरच म्हणतात. माईंचा भाचा लीड्सहून सुट्टीला आलेला, सोबत त्याची इंग्रज बायको क्लेअर. चौकशीला चौकीतला फौजदार येतो. मागचं दार बोळात उघडतं, आणि सगळी गोष्ट त्या दाराच्या कडीवर टांगलेली आहे. त्या रात्री कडी लावलेली नसेल तर बोळातून कुणीही आत आलं असेल. कडी लावलेली असेल तर चोर घरातलाच, म्हणजे बहुतेक मास्तर.

लेखक निवृत्त अभियंते, कोथरूडला राहतात, मी त्यांना काका म्हणते. मी इंग्रजी हस्तलिखितं छापण्याआधी तपासते, म्हणून कथा माझ्याकडे आली. त्याआधी ती दोघांनी वाचली होती. त्यातल्या एका बाईंचं म्हणणं, शेवट उघड आहे, मास्तर निर्दोष. दुसऱ्या वाचकाला मास्तर चोर वाटले आणि शेवटच्या पानावर ते सुटतात हे त्याला पटेना. काकांना वाटलं, दुसऱ्याने घाईत वाचलं. मला तसं वाटलं नाही, कारण दुसरा वाचक लहानपणापासून इंग्लंडमध्ये वाढलेला होता आणि पहिल्या बाई पुण्याच्या. दोघांनी एकच ओळ वाचली होती. ती अशी, इंग्रजी जशीच्या तशी, फक्त आपल्या लिपीत:

“यू डिडन्ट बोल्ट द बॅक डोअर दॅट नाइट, डिड यू?” फौजदार विचारतो.
“येस,” माई म्हणतात.

पुण्यातल्या वाचकाच्या कानात हे मराठीत वाजतं. “मागच्या दाराला कडी लावली नव्हतीत ना?” “हो हो, राहिलीच ती.” म्हणजे कडी लावलेली नव्हती. इंग्रजीत मात्र ‘येस’ प्रश्नकर्त्याला दुजोरा देत नाही. मागे येणारं, पण न बोललेलं वाक्य होकारार्थी आहे एवढंच ते सांगतं: येस, आय डिड. म्हणजे लावली होती. एका शब्दावर समईचा चोर बदलला, आणि दोन्ही वाचकांनी आपापल्या परीने बरोबर वाचलं होतं.

मराठीत ही अडचण का येत नाही, हे आधी बघू. वरच्या प्रश्नाला आपण “हो, नव्हती लावली” म्हणतो आणि “नाही, नव्हती लावली” असंही म्हणतो, अर्थ एकच. उलट सांगायचं असेल तर “नाही हो, लावली होती की” म्हणतो. नुसत्या हो-नाहीवर आपण विसंबत नाही, पुढचं क्रियापद निकाल देतं. काकांनी ते क्रियापद गाळलं. इंग्रजीत उत्तरं तोकडी असतात, एका शब्दात दिलं की चटपटीत वाटतं, असा त्यांचा समज. खरं तर अशा नकारार्थी प्रश्नाला नुसतं ‘येस’ दिलं तर जन्मजात इंग्रजी बोलणाराही क्षणभर अडखळतो. तो स्वतः बहुधा ‘येस, आय डिड’ किंवा ‘आय डिड, ॲक्चुअली’ असं म्हणेल, कारण प्रश्न नकाराकडे झुकलेला असताना होकार द्यायचा तर तो ठासून द्यावा लागतो. नुसतं ‘नो’ चालतं, कारण ते प्रश्नाच्या झुकावाशी जुळतं.

जाता जाता एक गंमत. जुन्या इंग्रजीत ही सोय वेगळी होती. साध्या प्रश्नाला होकार द्यायला ‘ये’ आणि नकार द्यायला ‘ने’ म्हणत. प्रश्नातच नकार असेल तर ‘येस’ आणि ‘नो’ वापरत. म्हणजे ‘येस’ हा मूळचा नकार खोडून काढणारा शब्द. फ्रेंचांकडे तसा ‘सी’ अजून आहे, जर्मनांकडे ‘डॉख’. सोळाव्या शतकात हा भेद पुसट होत चालला होता, आणि 1532 साली थॉमस मोरने विल्यम टिंडेलच्या बायबल भाषांतरात ‘ने’च्या जागी ‘नो’ आलं म्हणून त्याला छापील पुस्तकात बोल लावले. पुढे भेद पुसला गेला, पण नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ म्हटलं की तो नकार खोडला जातो, हा स्वभाव उरला. माईंचं ‘येस’ त्यात अडकलं.

मग उपाय सोपा दिसतो: ‘येस’ खोडा, ‘नो, आय डिडन्ट’ लिहा. मी ते लगेच केलं नाही. आधी वेगळाच प्रश्न सोडवायचा होता.

मी काकांना फोन करून विचारलं, “काका, माई आणि फौजदार एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतायत?”

“म्हणजे काय? मराठीतच. सदाशिव पेठेतली बाई फौजदाराशी इंग्रजीत कशाला बोलेल?”

“मग माईंच्या तोंडी असं मोडकं इंग्रजी का?”

काका थोडं थांबून म्हणाले, “ती आपली वाटावी म्हणून.”

अडचण नेमकी इथे होती. माई मराठीत बोलतायत आणि त्यांचं मराठी अस्सल, ठसकेबाज आहे. लेखकाने ते इंग्रजीत उतरवलं आहे. उतरवताना टॅग, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेले ‘डिड यू’सारखे छोटे प्रश्न, चुकवले तर वाचकाला वाटतं, बाईला धड बोलता येत नाही. ज्या माणसाची जीभ पेठेत सगळ्यांत तिखट, तीच कागदावर अडाणी दिसते. म्हणून मराठीतून उतरलेल्या संवादात टॅग आणि उत्तरं चोख हवीत, त्यातला पुणेरीपणा दुसरीकडून आणावा: काय सांगायचं, काय गिळायचं, कुठे टोमणा मारायचा. याउलट क्लेअरशी माई खरोखर इंग्रजीत बोलतात, आणि तिथे त्यांचं इंग्रजी त्यांचंच असायला हवं.

तेव्हा पहिलं काम, कथेतली प्रत्येक संवादाची ओळ घेऊन समासात ‘म’ किंवा ‘इं’ लिहिणं. माई-फौजदार म. माई-भाचा म. मास्तर-फौजदार म. क्लेअर ज्या प्रसंगात आहे तिथे इं. एवढं झाल्यावर अर्ध्याहून जास्त वाद आपोआप मिटले. पुढची तपासणी दोन्ही गटांसाठी वेगळी केली.

‘म’ गटात टॅग शाळेच्या नियमाने तपासता येतो, पण फक्त सुरुवातीपुरता. बोर्डाच्या परीक्षेत ‘ॲड अ क्वेश्चन टॅग’ हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवला आहे. वाक्यातलं सहायक क्रियापद घ्या, कर्त्याचं सर्वनाम करा, होकाराचा नकार किंवा नकाराचा होकार करा. कथेतल्या बहुतेक ओळी यात बसल्या. एक सुटली होती. भाचा विचारतो, “ही’ज टेकन द की विथ हिम, इझन्ट ही?” इथला ॲपॉस्ट्रॉफी-एस हा ‘इज’ नाही, ‘हॅज’ आहे, कारण मागे ‘टेकन’ आहे. टॅग ‘हॅजन्ट ही’ हवा. ॲपॉस्ट्रॉफी-डीचीही अशीच दोन रूपं, ‘हॅड’ आणि ‘वुड’. आखूड रूप दिसलं की आधी ते मोठं करून लिहायचं आणि मगच टॅगकडे बघायचं. आखूड रूपावर नजर ठेवून लावलेला टॅग हमखास चुकतो, आणि कानाला तो चुकीचा वाटतही नाही.

खरी गंमत पुढच्या दोन ओळींत होती. काकांच्या ओळखीतल्या, शाळेत इंग्रजी शिकवलेल्या एका गृहस्थांनी माझ्याआधी हस्तलिखितावर लाल शाई चालवली होती. नियम त्यांना तोंडपाठ: टॅग मुख्य वाक्याशी जुळला पाहिजे. माई फौजदाराला म्हणतात, “आय डोन्ट थिंक एनीवन केम इन.” पुढे काकांनी टॅग लावला होता ‘डिड दे’. गृहस्थांनी तो खोडून ‘डू आय’ केला. व्याकरणाच्या आकृतीत त्यांचं बरोबर आहे, मुख्य वाक्य ‘आय डोन्ट थिंक’ हेच. पण “कुणी आलं असं मला वाटत नाही, वाटतं का मला?” असं कोण बोलतं? माईंना आपल्या वाटण्याची खात्री करून घ्यायची नाही, कुणी आलं का याची घ्यायची आहे. ‘आय थिंक’, ‘आय सपोज’, ‘आय बिलीव्ह’ ही अशी वाक्यं आहेत जी नावाला मुख्य असतात, प्रत्यक्षात “मला वाटतं” एवढं बोलून बाजूला होतात. टॅग आतल्या वाक्याला धरतो. आणि ‘डोन्ट’मधला नकार वरच्या वाक्यात लिहिलेला असला तरी अर्थाने आतल्या वाक्याचा असतो, “कुणी आलं नाही असं वाटतं”, म्हणून टॅग होकारार्थी: डिड दे. काकांचं मूळ बरोबर होतं, लाल शाई चुकीची.

ही सूट फक्त ‘मी’ला आणि फक्त वर्तमानकाळात मिळते. दुसऱ्याच्या वाटण्याबद्दल बोललं की टॅग परत वरच्या वाक्याकडे जातो. हा फरक कथेत अगदी निर्णायक जागी आला होता. फौजदार मास्तरांच्या खोलीत उभा आहे, आणि मास्तर चिडून म्हणतात:

“यू थिंक आय टुक इट, डिडन्ट आय?”

काकांना म्हणायचं होतं, “तुम्हाला वाटतंय समई मी घेतली, हो ना?” त्यासाठी टॅग हवा ‘डोन्ट यू’. त्यांनी लिहिलेला ‘डिडन्ट आय’ आतल्या ‘आय टुक इट’ला जाऊन चिकटतो, आणि मास्तर जवळजवळ स्वतःच कबुली देतात: मी घेतली, नाही का. इंग्लंडमध्ये वाढलेल्या वाचकाने मास्तरांना चोर ठरवलं त्यात या ओळीचाही हात असावा, कारण त्याने समासात इथे उद्गारचिन्ह काढलं होतं. लाल शाईने मात्र ही ओळ तशीच सोडली होती. एकच गृहस्थ, एकच नियम: जिथे लावायला नको तिथे लावला आणि जिथे हवा तिथे राहून गेला. मला यात आश्चर्य वाटत नाही. शाळेत हा नियम एका ओळीच्या, आत दुसरं वाक्य नसलेल्या उदाहरणांवर शिकवला जातो. कथेत माणसं ‘मला वाटतं’ आणि ‘तुला वाटतं’ याशिवाय फारसं बोलतच नाहीत.

अशी वाक्यं तपासायची माझी एक साधी रीत आहे. टॅगमधला प्रश्न पूर्ण करून मोठ्याने वाचायचा आणि पात्राला खरंच तेच विचारायचं आहे का ते बघायचं. ‘डिड दे’ म्हणजे “आलं का कुणी?” हेच माईंना विचारायचं आहे. ‘डू आय’ म्हणजे “मला वाटतं का?” ते नाही. ‘डोन्ट यू’ म्हणजे “तुम्हाला वाटतं ना?” हेच मास्तरांना विचारायचं आहे. व्याकरणाची आकृती काढण्यापेक्षा हे लवकर होतं, आणि चुकतं कमी.

लपलेल्या नकाराची एक ओळ होती, ती पटकन सांगते. भाचा म्हणतो, “नोबडी हर्ड एनीथिंग, डिडन्ट दे?” क्रियापदात ‘नॉट’ दिसत नाही म्हणून टॅग नकारार्थी लावला गेला, पण ‘नोबडी’ने वाक्य आधीच नकारार्थी केलं आहे. टॅग ‘डिड दे’. ‘नेव्हर’ आणि ‘हार्डली’ यांचंही तसंच. आणि ‘नोबडी’ एकवचनी असूनही सर्वनाम ‘दे’ येतं, ते बरोबर आहे, त्याला हात लावायचा नाही.

आता एका टॅगबद्दल, ज्यावर माझा आणि त्या लाल शाईचा खरा मतभेद झाला. फौजदार मास्तरांना विचारतो, त्या रात्री काय करत होतात. मास्तर सांगतात, झोपलो होतो. फौजदार:

“सो यू वेअर अस्लीप, वेअर यू?”

लाल शाईने ‘वेअरन्ट यू’ केलं. नियमाप्रमाणे होकाराला नकार. पण इथे काकांच्या कानाने बरोबर पकडलं होतं. होकारार्थी वाक्याला होकारार्थीच टॅग लावायची इंग्रजीत रीत आहे, आणि तिचा उपयोग ठरावीक: समोरच्याने आत्ताच सांगितलेलं किंवा आपण त्यावरून काढलेलं अनुमान परत त्याच्यापुढे ठेवायचं. “अस्सं, झोपला होतात होय?” यात ‘सो’ किंवा ‘ओह’ बहुतेक वेळा पुढे असतो. सूर कधी कौतुकाचा असतो, कधी कुत्सित, फौजदाराच्या तोंडी संशयाचा. ‘वेअरन्ट यू’ केलं की तो संशय जातो आणि फौजदार मास्तरांच्या बाजूचा वाटायला लागतो, “झोपलाच होतात ना तुम्ही, मला माहितीये.” प्रसंगाची धारच जाते. मी मूळ परत आणलं. ही सवलत एकाच बाजूने चालते हेही काकांना सांगितलं. “सो यू वेअरन्ट अस्लीप, वेअरन्ट यू” असं नकाराला नकार लावून प्रमाण इंग्रजीत सहसा कुणी म्हणत नाही.

याच फौजदाराची आणखी एक ओळ: “यू न्यू द डोअर वॉज ओपन, डिडन्ट यू?” बोलताना टॅगचा सूर वर गेला तर तो खरा प्रश्न असतो, खाली आला तर “कबूल करा” असा. कागदावर सूर दिसत नाही. काकांनी त्यापुढे ‘तो ठामपणे म्हणाला’ अशा अर्थाचं अख्खं वाक्य जोडलं होतं. मी ते काढून प्रश्नचिन्हाच्या जागी पूर्णविराम सुचवला. इंग्रजी कथांमध्ये ही सोय रूढ आहे, टॅगनंतर पूर्णविराम आला की वाचक सूर खाली आणतो. काकांना हे पटायला वेळ लागला. “प्रश्न आणि पूर्णविराम? लोक म्हणतील छपाईची चूक.” कथेत हे एकदाच केलं तर कुणी तसं म्हणेलही, म्हणून फौजदाराच्या आणखी एका ओळीला तेच केलं. दुसऱ्यांदा दिसलं की वाचकाला कळतं, हे मुद्दाम आहे.

छोट्या उत्तरांचं काम त्यामानाने सरळ होतं. प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात लिहून काढायचं. ‘येस’ असेल तर मागे होकारार्थी वाक्य, ‘नो’ असेल तर नकारार्थी, आणि ते वाक्य कथेत त्या रात्री खरं काय घडलं त्याच्याशी ताडून बघायचं. मी काकांकडून त्या रात्रीचा क्रम लिहून घेतला होता: नऊला जेवणं, दहाला माई झोपायला, कडी राहिली, साडेबाराला बोळात कुत्रं भुंकलं. त्या कागदासमोर एकेक उत्तर ठेवलं. जी उत्तरं बुचकळ्यात टाकत होती ती सगळी नकारार्थी प्रश्नांची निघाली. होकारार्थी प्रश्नाच्या उत्तरात एकदाही गोंधळ सापडला नाही. दोन्ही भाषांचे रस्ते तिथे एकच आहेत, त्यामुळे चुकायला जागाच नसते.

उत्तरातलं सहायक क्रियापद प्रश्नातून यायला हवं, तेही तेव्हाच बघून घेतलं. “हॅव यू टोल्ड द पोलीस?”ला भाच्याने “येस, आय डिड” म्हटलं होतं, तिथे ‘आय हॅव’ केलं. आणि एका ठिकाणी “येस, आय’म” होतं. होकारार्थी उत्तराच्या शेवटी आखूड रूप टिकत नाही, ‘येस, आय ॲम’ असं पूर्णच लिहावं लागतं. नकारात मात्र ‘नो, आय’म नॉट’ चालतं, कारण तिथे आखूड रूपाच्या पुढे शब्द आहे.

फौजदाराच्या प्रसंगातलं माईंचं ते ‘येस’ मग असं झालं: “नो, आय डिडन्ट. आय फर्गॉट.” पहिलं वाक्य कायदेशीर, दुसरं माईंचं. मराठीत “हो, राहिलीच” यातली कबुली आणि किंचित खजीलपणा ‘फर्गॉट’मध्ये येतो, आणि कुठल्याही गावचा वाचक आता एकच अर्थ काढतो.

काका मात्र हिरमुसले. “पण मला तो घोळ हवा होता! कुणालाच नक्की कळत नाही, तीच तर मजा.”

“काका, घोळ हवा असेल तर तो कुणाचा तरी व्हायला हवा. फौजदार आणि माई मराठीत बोलतायत, त्यांचा होणारच नाही. होईल तो क्लेअरचा.”

इथून कथा सुधारली असं मी म्हणेन. ‘इं’ गटात आता माईंचं खरं इंग्रजी होतं, म्हणजे मराठीच्या चालीने दिलेली हो-नाहीची उत्तरं. तिथे ‘येस’ ठेवायचंच. पण परक्या वाचकाला ते आधी शिकवायला हवं, नाहीतर परत दोन वाचक दोन अर्थ काढणार. काकांनी सुरुवातीच्या पानांत चहाचा एक छोटा प्रसंग घातला. माईंना मधुमेह आहे. क्लेअर विचारते, “यू डोन्ट टेक शुगर, डू यू?” माई हसून म्हणतात, “येस, येस.” क्लेअर दोन चमचे साखर घालते. माई घोट घेतात आणि कप अलगद बाजूला सरकवतात. कुणी काही बोलत नाही. वाचकाला, तो लीड्सचा असो की नारायण पेठेचा, माईंच्या ‘येस’चा अर्थ इथे कळतो, क्लेअरला कळत नाही.

मग चौकशीनंतरच्या संध्याकाळी क्लेअर एकटी माईंपाशी बसते आणि तेच विचारते, “यू डिडन्ट बोल्ट द डोअर, डिड यू?” माई म्हणतात, “येस.” क्लेअर वर जाऊन नवऱ्याला सांगते की माईंनी कडी लावली होती, तेव्हा फौजदाराला त्या खोटं बोलल्या आणि मास्तरांनीच समई घेतली. चहाचा कप ज्याला आठवतो तो वाचक तिला थांबवू बघतो. जो घोळ आधी छापण्यातला दोष होता, तो आता गोष्टीचा भाग झाला. क्लेअरची चूक भाच्याच्या लक्षात येते, कारण तो दोन्ही भाषांत वाढलाय. तो फक्त एवढंच विचारतो, “येस, शी डिड? ऑर जस्ट येस?” क्लेअर म्हणते, “जस्ट येस.” कथेतली माझी सगळ्यांत आवडती ओळ हीच, आणि ती काकांची आहे.

उरले मास्तर. ते क्लेअरशी इंग्रजीत बोलतात, रुबाबदार, पोस्टातल्या जुन्या इंग्रजीत. “यू आर फ्रॉम लीड्स, इझन्ट इट?” लाल शाईने इथे ‘आरन्ट यू’ केलं होतं. मी ते परत फिरवलं. आपल्या ‘ना’सारखा एकच टॅग सगळ्या वाक्यांना लावायचा, ही भारतीय इंग्रजीची ओळखीची सवय आहे. मास्तरांना ती शोभते आणि त्यात अर्थाचा घोळ नाही. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. एक, त्यांच्या तोंडी प्रत्येक वाक्याला ‘इझन्ट इट’ होतं, त्याने त्यांचा विनोद व्हायला लागला होता. क्लेअरशी पहिल्या भेटीत दोनदा आणि शेवटी एकदा, एवढंच ठेवलं. दुसरी, क्लेअरचं उत्तर. काकांनी ‘इझन्ट इट’ला जोडून तिच्या तोंडी “येस, इट इज” घातलं होतं. क्लेअर असं म्हणणार नाही. टॅग कसाही असो, उत्तर मुख्य वाक्याला जातं, आणि मुख्य वाक्य आहे ‘यू आर’. म्हणून “येस, आय ॲम.” मास्तर आणि क्लेअर दोघांच्या इंग्रजीतलं अंतर वाचकाला या एका उत्तरात दिसतं, त्यावर वेगळं काही लिहावं लागत नाही.

मास्तरांचा फौजदाराशी झालेला संवाद मात्र मराठीतला, म्हणजे ‘म’ गटातला, तिथे एकही ‘इझन्ट इट’ ठेवला नाही. काकांना ते विसंगत वाटलं. “एकच माणूस दोन पानांवर दोन तऱ्हेने बोलतो?” बोलतोच. एकदा त्याच्या भाषेत, एकदा क्लेअरच्या. मी सुचवलं की चौकशीच्या प्रसंगाच्या सुरुवातीला मास्तर “त्याच्याशी मराठीत बोलायला सुरुवात करतात” असं एक वाक्य घाला, म्हणजे पुढचं प्रमाण इंग्रजी कशाचं आहे ते कळेल. काकांनी ते घातलं, पण त्यांच्या पद्धतीने: फौजदार इंग्रजीत सुरुवात करतो, मास्तर त्याला मध्येच तोडून म्हणतात की मराठीत विचारा, चोरीचा आरोप तरी नीट ऐकू द्या.

एका ओळीवर आमचं जमलं नाही. कथेच्या शेवटी, समई बोळातल्या भंगारवाल्याकडे सापडल्यावर, माई भाच्याला मराठीत म्हणतात, आणि काकांनी इंग्रजीत लिहिलंय: “मास्तर इज अ गुड मॅन, नो?” ‘म’ गटाच्या न्यायाने ‘इझन्ट ही’ हवं. काका म्हणाले, ‘नो’ राहू दे, कारण माई इथे विचारत नाहीत, सुटकेचा श्वास सोडतायत, आणि ‘इझन्ट ही’ त्यांना फार ताठ वाटतं. मी त्यांना दाखवलं की ‘इझन्ट ही’पुढे पूर्णविराम दिला तर ताठपणा जातो. त्यांनी ते मोठ्याने दोनदा वाचलं आणि ‘नो’च ठेवलं. छपाईला गेलेल्या प्रतीत ते तसंच आहे, समासात माझं प्रश्नचिन्ह आणि त्याखाली काकांच्या अक्षरात ‘राहू द्या’.